मदत हवी आहे: नावेच्या गणिताचा ताळा जुळतो, तरी उत्तर चूक?

दिवसा काम करून परळच्या रात्रशाळेत दहावी करतोय. गणित असं: नाव प्रवाहाच्या दिशेने 36 किमी 3 तासांत जाते, तेवढंच अंतर प्रवाहाविरुद्ध 4.5 तासांत येते. संथ पाण्यातला वेग किती? माझं उत्तर: नाव 8, प्रवाह 4. ताळाही केला. 8+4=12, 8−4=4, बेरीज 16, निम्मे 8. बरोबर आलं. पुस्तकाच्या मागे मात्र 10 दिलंय. छपाईची चूक असेल का? उद्या चाचणी आहे.

विक्रोळीकर: 8 चूकच आहे दादा. एकूण अंतर 72, एकूण वेळ साडेसात तास, म्हणजे 9.6. पुस्तकाने 9.6 चं 10 केलं असणार.

शिकवणीवाल्या बाई: विक्रोळीकर, 9.6 हा जाऊन-येऊन सरासरी वेग. परतीला नाव जास्त वेळ हळू चालते, म्हणून तो संथ पाण्यातल्या वेगापेक्षा कमीच भरतो. पुस्तकातलं 10 बरोबर आहे.

आता धागाकर्त्यासाठी. बाळा, तू ताळा स्वतःच्याच उत्तराचा घेतलास. 8 मध्ये 4 मिळवले, 8 मधून 4 वजा केले. बेरजेत ते 4 उडून जाणार आणि निम्मे 8 च येणार. 50 आणि 7 घेऊन बघ, 50 च परत येईल. ताळ्यासाठी दोन्ही वेग गणितातल्या वेळांवरून काढायचे: 36÷3=12, 36÷4.5=8. बेरीज 20, निम्मे 10. फरक 4, निम्मे 2, तो प्रवाह.

तुझी वही न बघता सांगते, समीकरणांची वजाबाकी करून 2y=4 आल्यावर तू y=4 लिहिलंस. मग x=12−4=8. म्हणूनच जातानाचा वेग 12 जुळला, कारण x त्याच समीकरणातून काढलास. जे समीकरण शेवटी वापरलं नाहीस, त्यात उत्तर घाल. येताना 8−4=4, म्हणजे 36 किमीला 9 तास. गणितात साडेचार आहेत. तिथे चूक पकडली जाते.

रेवसची लाँच: मी नेहमी भाऊच्या धक्क्यावरून रेवसला लाँचने जातो. जायला-यायला वेळ वेगळा लागतो. याच रीतीने लाँचचा वेग निघेल ना?

शिकवणीवाल्या बाई: दोन्ही फेऱ्यांत पाण्याची ओढ सारखी असेल तरच. तुम्ही परत येईपर्यंत भरतीची ओहोटी झाली आणि दोन्ही वेळा लाँच पाण्याबरोबरच गेली, तर निम्मी बेरीज खऱ्या वेगापेक्षा जास्त येईल.

रेवसची लाँच: मग एका दिवसाच्या वेळांवरून काहीच कळणार नाही?

धागाकर्ता: बाई, वही काढून बघितली. 2y=4 च्या खाली y=4 च लिहिलंय. आता 10 आणि 2 घालून बघितले, येताना 36÷8, साडेचार तास. अजून एक विचारायचं होतं. हा ताळा पेपरात उत्तराखाली लिहिला तर चालतो, की कच्च्या कामातच ठेवायचा?