शुगर आणि नवराबायकोतली अडचण: डॉक्टरांसमोर तुम्ही नेमके कोणते शब्द वापरलेत? (अनुभव धागा)

मागावरचा
मी सोलापूरचा, वय ५१, अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात जॉबर आहे. शुगर निघून ९ वर्षं झाली. हा धागा मुद्दाम काढतोय, कारण माझं मधलं दीड वर्ष नुसत्या एका शब्दापायी गेलं.

सुरुवात अशी झाली की आधी अधूनमधून, मग बहुतेक वेळा लिंगाला पुरेशी ताठरता येईना, आली तर अर्ध्यातच जायची. इच्छा मात्र पूर्वीइतकीच होती. बायको काही बोलली नाही, पण मी रात्री उशिरापर्यंत टीव्हीसमोर बसायला लागलो, ती झोपल्यावर आत जायचो. असं सहा महिने केल्यावर नेहमीच्या डॉक्टरांकडे गेलो. तिथं दार अर्धं उघडं, पुढचा पेशंट आत स्टुलावर येऊन बसलेला, कंपाउंडर बीपीचा पट्टा गुंडाळतोय. मी म्हटलं, "डॉक्टर, जरा वीकनेस वाटतोय." त्यांनी बी कॉम्प्लेक्सची ५ इंजेक्शनं आणि प्रोटीन पावडरचा डबा लिहून दिला. त्यांची तरी काय चूक, मी सांगितलं तेवढंच त्यांनी ऐकलं. पुन्हा दोनदा गेलो, पुन्हा वीकनेसच म्हणालो.

शेवटी दुसऱ्या एका शुगरच्या डॉक्टरांकडे जाताना घरी कागदावर लिहून नेलं. लिहिलं होतं ते असं: "दीड वर्षापासून ताठरता कमी, टिकत नाही. सकाळी उठताना पण येत नाही. इच्छा आहे. हळूहळू वाढत गेलंय." कागद रिपोर्टच्या वर ठेवून फाईल पुढं सरकवली, तोंडातून एक शब्द काढला नाही. त्यांनी वाचलं, बाहेरच्याला थांबायला सांगून दार लावून घेतलं आणि म्हणाले, "बरं झालं लिहिलंत."

मग प्रश्न सुरू झाले. तंबाखू किती? (मी मळून खायचो, दिवसाला तीन पुड्या.) दोन मजले न थांबता चढता का? छातीत दाटतं का? गोळ्या कुठल्या कुठल्या चालू आहेत? मी सगळ्या स्ट्रिपा पिशवीत घालून नेल्या होत्या, त्यात दुसऱ्याच डॉक्टरांनी बीपीसाठी दिलेली अटेनोलॉल निघाली. ते म्हणाले या गोळीनं काही लोकांना हा त्रास वाढतो, आणि त्यांनी स्वतःच ती बदलून टेल्मिसार्टन दिली. आता कुणी हे वाचून अटेनोलॉल एकदम थांबवू नका, ती अचानक सोडली तर हार्टला त्रास होतो, हे त्यांनी दोनदा बजावलं.

मला सगळ्यात जास्त लागलं ते पुढचं. ते म्हणाले, तिथल्या रक्ताच्या नळ्या हृदयाच्या नळ्यांपेक्षा बारीक असतात, शुगरनं आणि तंबाखूनं खराब व्हायला लागल्या की आधी तिथं कळतं, हृदयाचं कधी कधी काही वर्षांनी कळतं. म्हणून ईसीजी आणि पट्ट्यावर चालायची टेस्ट करायला लावली, दोन्ही ठीक आल्या. टेस्टोस्टेरॉन सकाळी ८ वाजता उपाशीपोटी तपासलं, ते पण ठीक. तीन महिन्यांची शुगर, म्हणजे एचबीएवनसी, ९.६ होती.

मग सिल्डेनाफिल ५० लिहून दिली. पहिल्यांदा काहीच झालं नाही, मी चिडून परत गेलो. ते विचारतात, "कधी घेतली? काय खाऊन?" अहो त्या दिवशी भाच्याच्या साखरपुड्याचं मटण-भाकरी रेटून आलो होतो, आल्या आल्या गोळी गिळली आणि पडून वाट बघत बसलो. त्यांनी समजावलं की तेलकट पोटभर जेवणावर ही गोळी उशिरा आणि कमी लागू पडते, आणि नुसती घेऊन पडून राहिलं तर ती काही करत नाही, नवराबायकोत जवळीक व्हावीच लागते, गोळी फक्त रक्त पोचायला मदत करते. आणि एकदोनदा जमलं नाही म्हणून सोडायची नाही, नीट पद्धतीनं सहासात वेळा घेऊन बघायची. मग सातला हलकं जेवून साडेनऊला गोळी असं केलं, तिसऱ्या वेळी फरक कळला. आता ११ महिने झालेत. तंबाखू सुटलीय, एचबीएवनसी ७.४ आहे. पंचविशीसारखं नाही, गोळी लागतेच, पण टीव्हीसमोर बसणं बंद झालंय.

तुम्ही काय बोललात, काय ऐकायला मिळालं, ते लिहा. बायकांनी पण लिहा.

होटगीरोड
सगळा घोळ मेटफॉर्मिनचा आहे भाऊ. मी बंद केली, १५ दिवसांत फरक पडला. डॉक्टर हे सांगत नाहीत.

मेडिकलवाली
मी १८ वर्षं मेडिकल चालवते, फार्मासिस्ट आहे. होटगीरोड, मेटफॉर्मिननं ताठरता जाते असं नाही हो. ती वर्षानुवर्षं घेतल्यावर काही जणांचं बी१२ कमी होतं आणि त्यानं नसांचा त्रास वाढू शकतो, तेवढं खरं, पण त्यावर बी१२ तपासून घेणं हा उपाय आहे. गोळी बंद केल्यावर तुमची शुगर किती आली ते सांगा ना.

आता काउंटरवरचं सांगते. गेल्या पावसाळ्यात एक काका आले, साठीचे, इकडंतिकडं बघत हळूच म्हणाले "ती निळी गोळी द्या." मी म्हटलं चिठ्ठी दाखवा, तर त्यांनी पिशवीच उघडली आणि आत सॉर्बिट्रेटची स्ट्रिप. मी विचारलं काका, ही जिभेखाली ठेवायची गोळी घेता का? तर म्हणतात, "ती वेगळी ओ, हार्टची आहे, तिचा ह्याच्याशी काय संबंध." संबंध असा की या दोन एकत्र पोटात गेल्या तर बीपी धाडकन खाली येतं, माणूस जाऊ शकतो. सिल्डेनाफिल घेतल्यावर २४ तास आणि त्याच जातीची टाडालाफिल घेतल्यावर ४८ तास ती जिभेखालची गोळी चालत नाही, आणि छातीत दुखून दवाखान्यात गेलात तर लाजू नका, ही गोळी घेतलीय हे पहिल्या वाक्यात सांगा. हार्टची निकोरँडिल चालू असेल तरी ही गोळी चालत नाही. प्रोस्टेटची गोळी चालू असेल तर आधी डॉक्टरांना विचारून कमी डोसनं सुरू करतात.

आणि ते "शंभर टक्के आयुर्वेदिक" पुडीवाले. तसल्या पुड्यांमध्ये हेच औषध गुपचूप मिसळलेलं सापडलेलं आहे, त्यामुळं हार्टवाल्यांना जास्त धोका तिथंच आहे, त्यांना वाटतं जडीबुटी आहे.

होटगीरोड
उपाशीपोटी २४० आली होती, खोटं कशाला बोलू. पण फरक पडला होता हेही खरं.

शेंगाचटणी
मी बाई, वय ४६, शाळेत शिक्षिका. बायकांनी लिहा म्हणालात म्हणून लिहिते, नाहीतर हे मी बहिणीलाही सांगितलेलं नाही.

मागच्या वर्षी माझी शुगरची गोळी बदलली, डापाग्लिफ्लोझिन सुरू केली. शुगर छान उतरली. महिन्याभरात खाली खाज सुरू झाली आणि संबंधाच्या वेळी आग व्हायला लागली. दवाखान्यात मी सांगितलं, "लघवीला जळजळ होते." बस, एवढंच. मग लघवीची तपासणी, अँटिबायोटिकचा कोर्स, पुन्हा दुसरा कोर्स, आणि त्रास दुप्पट. नंतर ह्यांना पण पुढच्या कातडीवर लाल चट्टे आले, कातडी मागं घेताना चिरायची, रक्त दिसायचं. आम्ही दोघं एकमेकांपासून लांब, आणि मनात भलतेसलते संशय, ते इथं लिहीत नाही.

शेवटी एका लेडी डॉक्टरांकडे गेले आणि तोंडावर पदर ठेवून म्हटलं, "संबंधाच्या वेळी दुखतं, दह्यासारखं पांढरं जातं." त्यांनी तपासलं, दोन मिनिटांत म्हणाल्या, बुरशी आहे. ही गोळी शुगर लघवीवाटे बाहेर टाकते, म्हणून तिथं बुरशीला खायला मिळतं, आणि अँटिबायोटिकनं चांगले जंतू मेले की बुरशीला मोकळं रान. त्यांनी बुरशीचं औषध दिलं, ह्यांना क्रीम दिलं, आणि लघवीनंतर साध्या पाण्यानं धुवून कोरडं करायला सांगितलं, साबण आत नको. गोळी चालूच ठेवली, पुन्हा झालं तर बदलू म्हणाल्या. अजून झालेलं नाही.

कोरडेपणा मात्र आहेच. त्यात पाळी जायला आलीय, त्यामुळं किती शुगरचं आणि किती वयाचं ते त्यांनाही नक्की सांगता आलं नाही. पाण्याचं जेल वापरायला सांगितलंय, त्यानं दुखणं बरंच कमी झालं. सहा वर्षं शुगर आहे, दर तीन महिन्यांनी दवाखान्यात जाते, पायाला मुंग्या येतात का विचारतात, हे कुणीच विचारलं नाही.

नवीपेठ६८
माझी शुगर २२ वर्षांची. चालताना पायातली चप्पल कधी निसटली ते कळत नाही, मागून माणूस हाक मारतो. डॉक्टर म्हणाले पायाच्या नसांचं जे झालंय तेच तिकडंही झालंय. मला दोन्ही गोळ्यांचा पूर्ण डोस देऊन झाला, लागू पडल्या नाहीत. वर वीर्य बाहेर येत नाही, नंतर लघवी गढूळ होते. मी कॅन्सर समजून महिनाभर जेवलो नाही नीट. मूत्रविकारवाल्यांनी सांगितलं की मूत्राशयाच्या तोंडाची झडप मिटत नाही म्हणून ते उलटं मूत्राशयात जातं, धोका नाही. आता हवेचा पंप वापरतो, मुळाशी रबराची रिंग लावायची, ३० मिनिटांच्या आत काढायचीच. जमतं, पण थंड लागतं. मंडळींना हे हवंय का, का माझ्यासाठी सहन करतात, ते अजून विचारलेलं नाही.

गड्डायात्रा
मी २७, शुगर नाही, मे मध्ये लग्न आहे. सकाळी सगळं नॉर्मल असतं पण लग्नाचा विचार आला की भीती वाटते जमेल का. ही ५० ची गोळी आधीपासून घेऊन ठेवू का?

मेडिकलवाली
सकाळी होतंय म्हणजे नळ्या आणि नसा बहुतेक ठीक आहेत बाळा, गोळी नको. शुगर एकदा तपासून घे, घरात कुणाला असेल तर नक्कीच.

मागावरचा
@नवीपेठ६८ काका, ते शेवटचं वाक्य दोनदा वाचलं. मी बायकोला पुढच्या व्हिजिटला बरोबर नेलं होतं, डॉक्टरांनी तिलाही विचारलं. ती म्हणाली, "मला वाटलं ह्यांना मी नकोशी झाले." मी दीड वर्षात एकदाही हा विचार केला नव्हता.

एक_वाचक
आमचे हे दवाखान्यात नंबर लागला की मला म्हणतात तू बाहेर थांब, आणि आत काहीच न बोलता परत येतात, मला माहितीय. मी फोन करून डॉक्टरांना आधी सांगू का? का ते वाईट दिसेल?

शेंगाचटणी
त्यांच्या पाठीमागं नको, त्यांना कळलं तर पुन्हा तोंड उघडणार नाहीत. आधी घरीच बोला, दिवे मालवल्यावर बोललेलं सोपं जातं.

मागावरचा
आणि कागद त्यांच्याच हातानं लिहू द्या. दोन ओळी बास, वीकनेस हा शब्द नको. फाईलमध्ये शुगरच्या रिपोर्टच्या वर ठेवा, खाली ठेवला तर कंपाउंडर पंच करून मागं लावतो.