मदत हवी आहे: "सेट स्क्रू"ला मराठीत काय लिहू?

मंडळी, मी बेळगावची, मशीनच्या मॅन्युअलचं भाषांतर नुकतंच सुरू केलंय. एका पंपाच्या मॅन्युअलमध्ये दोन ठिकाणी सेट स्क्रू आलाय आणि मी दोन्हीकडे ग्रब स्क्रू लिहून मोकळी झाले होते, कारण उद्यमबागेत माझे काका तेच म्हणतात. मग पार्ट लिस्ट बघितली तर कपलिंगपाशी आयएसओ ४०२९ आणि कव्हरपाशी आयएसओ ४०१७, दोन्ही एम ६. उत्पादकाच्या कॅटलॉगमध्ये नंबर टाकून चित्रं काढली. ४०२९ म्हणजे बिनडोक्याचा, ॲलन कीने फिरवायचा, टोकाला वाटीसारखा खळगा असलेला, तो शाफ्टला रुततो. ४०१७ म्हणजे षटकोनी डोक्याचा, डोक्यापर्यंत पूर्ण आटे असलेला, ब्रिटनमध्ये त्यालाही सेट स्क्रूच म्हणतात म्हणे! म्हणजे माझ्या भाषांतराने फिटर पान्याऐवजी ॲलन की घेऊन कव्हर खोलायला गेला असता.

तर आता पहिल्याला ग्रब स्क्रू ठेवते, पण दुसऱ्याला काय लिहू? नुसतं बोल्ट लिहिलं तर अर्धे आटेवाला आयएसओ ४०१४ पण त्यातच येतो. निपाणी, खानापूर, कोल्हापूरकडच्या वर्कशॉपात "फुल थ्रेड बोल्ट" म्हणतात का? कुणी रोज हाताळत असेल तर प्लीज सांगा, शुक्रवारी फाईल द्यायचीय.