युरोपातल्या गिऱ्हाइकाचा कर आपण आधीच घ्यावा, की त्याने दारात भरावा?

ठिगळ (गिरगाव): मी आणि माझी आई जुन्या सुती साड्यांच्या गोधड्या शिवतो आणि एका ऑनलाइन बाजारपेठेवर विकतो. हॅम्बुर्गच्या बाईंनी एक गोधडी घेतली. १६५ युरो, पोस्टेज फुकट. पार्सल ११ दिवसांत फ्रँकफर्टला पोचलं आणि तिथेच तीन आठवडे पडून राहिलं. मग बाईंकडे ४५ युरोंच्या आसपास मागितले. त्यांनी नाकारलं, गोधडी परत आली, पैसेही परत द्यावे लागले. नवल म्हणजे उशांचे अभ्रे जर्मनीला कितीदा गेलेत, कधीच अडकले नाहीत. यापुढे कर आम्ही किमतीत धरावा की गिऱ्हाइकावर सोडावा?

हिशोबवही: किमतीत धरा. ज्याने एकदा दारात पैसे भरले तो दुसऱ्यांदा तुमच्याकडे येत नाही. युरोपासाठी सरसकट वीस टक्के वाढवा आणि कर भरलेलं पार्सल पाठवा.

बंदरकाठ: मला हे अजिबात पटत नाही. माल मागवणारा तो, आयातदार तो, कर त्याच्या देशाचा. दोन बायका घरी बसून शिवतात, त्यांनी जर्मनीचा व्हॅट का भरायचा? शिवाय वीस टक्के वाढवून ठेवले तरी ते तिथल्या सरकारपर्यंत पोचवणार कसे? कर भरून पाठवायचं तर खासगी कुरियर लागतं. दीड-दोन किलोच्या गोधडीला त्याचं भाडं आणि कर आगाऊ भरल्याबद्दलचं शुल्क लावलं तर शिलाई फुकट गेल्यासारखी आहे. पानावर ठळक लिहा: 'आयातकर खरेदीदाराकडे'. विषय संपला.

पार्लेकर: एवढा घोळ कशाला? भेटवस्तू म्हणून पाठवा आणि किंमत ४० युरो लिहा. ४५ युरोंपर्यंतच्या भेटीवर युरोपात काहीच लागत नाही. माझा मेहुणा तसंच करतो.

विदेशडाक: पार्लेकर, ४५ युरोंची मर्यादा खरी आहे, पण ती माणसाने माणसाला पैसे न घेता पाठवलेल्या भेटीसाठी आहे. इथे विक्री झालेली आहे. अडवल्यावर जर्मन कस्टम्स खरेदीदाराकडे पैसे भरल्याची पावती मागतं आणि तिच्यावर १६५ असतात. खोटं त्या बाईंच्या नावावर पडतं. पार्सल हरवलं तर भरपाईही लिहिलेल्या ४० युरोंच्या हिशेबानेच मिळेल.

ठिगळताई, उत्तर तुमच्या अभ्र्यांमध्येच आहे. मी बरीच वर्षं बॅलार्ड इस्टेटच्या परदेशी टपाल कार्यालयातून माल पाठवतो, म्हणून खात्रीने सांगतो. १ जुलै २०२१ पासून युरोपियन संघात लहान पार्सलांनाही व्हॅट लागतो, त्याआधी २२ युरोंपर्यंत माफी होती. पण १५० युरोंपर्यंतच्या मालाचा व्हॅट विक्रीच्या वेळीच घेऊन एका क्रमांकाखाली भरता येतो. त्याला आयओएसएस क्रमांक म्हणतात. बाजारपेठेवरून विकताना हा कर बाजारपेठच गिऱ्हाइकाकडून घेते आणि भरते. तुमचे अभ्रे असेच सुटत होते. त्या गिऱ्हाइकांनी कर आधीच दिलेला होता, तुम्हाला तो दिसत नव्हता इतकंच.

गोधडी १५० च्या वर गेली, म्हणून ती या सोयीतून बाहेर पडली. बाजारपेठेने कर घेतला नाही, वर कस्टम ड्युटीही लागू झाली. आणि ती १५० च्या वर गेली 'पोस्टेज फुकट' लिहिल्यामुळे. पोस्टेजचे किती धरले होते?

ठिगळ: २५ युरो. गोधडी १४० ची. फुकट पोस्टेज लिहिलं की यादीत वर दिसतो असं वाचलं होतं.

विदेशडाक: मग हिशेब मांडतो. १५० ची मर्यादा मोजताना फक्त मालाची किंमत धरतात, वाहतूक नाही. पण ती बिलावर वेगळी दाखवलेली असेल तरच. 'गोधडी १४०, पोस्टेज २५' लिहिलं असतं तर तुम्ही मर्यादेच्या आत होता. 'गोधडी १६५' लिहिल्यावर सगळी रक्कम मालाची धरली गेली.

व्हॅट मात्र वाहतुकीसकट एकूण रकमेवरच लागतो. जर्मनीचा १९ टक्के, म्हणजे १६५ वर ३१ युरो ३५ सेंट. तो बाईंना कसाही द्यावाच लागला असता. पण तेव्हा तो खरेदीच्या पानावरच दिसला असता. पटला असता तर त्यांनी घेतली असती, नसता तर गोधडी गिरगावातून हललीच नसती. प्रत्यक्षात दारात तोच व्हॅट, त्यावर थोडी ड्युटी आणि टपालाचं हाताळणी शुल्क असं एकत्र आलं. तुमचे तीन आठवडेही त्यातच गेले. अशा वेळी कस्टम्सचं पत्र खरेदीदाराला जातं, तो कागद दाखवेपर्यंत पार्सल हलत नाही.

म्हणून हिशोबवहींचं सरसकट वीस टक्के चुकीचं आहे. अभ्र्यांवर गिऱ्हाईक दोनदा पैसे देईल, एकदा बाजारपेठेला आणि एकदा तुम्हाला.

हिशोबवही: अभ्र्यांचं मान्य. पण जी गोधडी मुळातच २०० युरोंची आहे तिचं काय? तिथे तुमची युक्ती चालत नाही आणि माझा मुद्दा उभाच राहतो.

विदेशडाक: उभा राहतो, हो. तिथे दोनच वाटा आहेत: कर भरलेलं कुरियर, नाहीतर ऑर्डर आल्याबरोबर गिऱ्हाइकाला अंदाजे आकडा कळवून त्याचा होकार घेणं. मी दुसरी वाट धरतो. काही ऑर्डरी जातात.

म्युनिकची आई: माझा मुलगा म्युनिकला असतो. दिवाळीचा फराळ पाठवला तर पेढे काढून टाकले, चिवडा मात्र पोचला. तोही करामुळेच का?

विदेशडाक: नाही काकू, ते वेगळं. दुधामांसाचे पदार्थ अशा पार्सलातून युरोपात नेऊच देत नाहीत. कर भरूनही चालत नाही.

काथ्याकाम: ठिगळ, मर्यादेच्या आत राहूनही माझं पार्सल अडकलं होतं. बाजारपेठेने व्हॅट घेतला होता, मी आयओएसएस क्रमांक स्वच्छ अक्षरांत चिकटपट्टीवर लिहून डब्यावर लावला होता. तरी ॲमस्टरडॅमच्या गिऱ्हाइकाकडून दुसऱ्यांदा कर घेतला. तो फार चिडला, आणि त्याचं बरोबरच होतं. नंतर कळलं की डब्यावरचं कोणी वाचत नाही. क्रमांक बुकिंगच्या वेळी संगणकातल्या माहितीत जावा लागतो, तीच माहिती पार्सलच्या आधी तिकडे पोचते. आता मी काउंटरवर तो टाकल्याचं डोळ्यांनी पाहिल्याशिवाय पावती घेत नाही. वर्णनातही नुसतं 'कापड' लिहू देत नाही, वस्तू नेमकी लिहायला लावते आणि कस्टम्सच्या वर्गवारीतला तिचा एचएस कोड देते.

बंदरकाठ: क्रमांकाचं समजलं. पण ही सगळी सोय बाजारपेठेवर विकणाऱ्यांची. मी स्वतःच्या संकेतस्थळावरून विकतो. भारतातून आयओएसएस घ्यायचा तर युरोपातला मध्यस्थ नेमावा लागतो आणि तो त्याची फी घेतो. महिन्याला चार पार्सलं जाणाऱ्याने ती कुठून काढायची? म्हणून माझ्यासाठी 'कर खरेदीदाराकडे' हेच खरं.

काथ्याकाम: मग निदान आकडा लिहा. 'कर लागू शकतो' वाचून कोणालाच ३१ युरो सुचत नाहीत.

विदेशडाक: बंदरकाठ, चार पार्सलांना मध्यस्थ परवडत नाही हे खरंच आहे. आणि हे गणितही फार टिकायचं नाही. १५० युरोंपर्यंतची ड्युटीमाफी काढायचं तिथल्या अर्थमंत्र्यांनी नोव्हेंबर २०२५ मध्ये ठरवलं आणि डिसेंबरमध्ये आकडाही ठरवला. १ जुलै २०२६ पासून लहान पार्सलातल्या प्रत्येक प्रकारच्या वस्तूमागे ३ युरो. गोधडी आणि पिशवी एका डब्यात घातली तर दोन प्रकार, सहा युरो. ते कोणी सोसायचे यावर आपण इथे पुन्हा भांडणार आहोत.

ठिगळताई, परत आलेली गोधडी सोडवताना तुमच्याकडे ड्युटी मागितली का? निर्यातीचं पोस्टल बिल जपून ठेवलं असेल तर आपलाच माल परत आला हे दाखवून माफी मागता येते.

ठिगळ: मागितली आणि मी भरली. बिल आईच्या डब्यात आहे, उद्या घेऊन बॅलार्ड इस्टेटला जाते. यादीतली गोधडी आत्ताच बदलली: १४०, पोस्टेज २५ वेगळं. हॅम्बुर्गच्या बाईंनाही लिहिलंय, त्यांना अजून हवी असेल तर.