पौषातील पहाट, दूषित हवा आणि लांब धाव: आपले अनुभव लिहावेत

वाशी (धागाकर्ती)
मुंबई मॅरेथॉन जानेवारीतील तिसऱ्या रविवारी असते, त्यामुळे आपल्यापैकी बहुतेकांची सर्वांत लांब धाव डिसेंबरअखेरीस येते आणि नेमक्या त्याच दिवसांत पहाटेची हवा सर्वांत जड असते. मागील हंगामात मी पहाटे पाचला पाम बीच रस्त्यावर २८ किलोमीटर धावायला निघाले. ‘समीर’ अ‍ॅपवर निर्देशांक १६८, म्हणजे ‘मध्यम’, दिसल्यामुळे मनात शंका नव्हती. बाराव्या किलोमीटरपासून घसा खवखवू लागला, संथ गतीतही नाडी नेहमीपेक्षा दहा-बारा ठोक्यांनी अधिक होती, आणि तरीही मी धाव पूर्ण केली. पुढे चार दिवस कोरडा खोकला राहिला. अंतर कधी कमी करायचे, घरात कधी धावायचे आणि धाव कधी सोडायची, हे आपण कशावरून ठरवता?

खारघर (धावगटाचा मार्गदर्शक)
आपण पाहिलेला आकडा मागील चोवीस तासांच्या सरासरीचा होता. त्यात आदल्या दुपारची स्वच्छ हवाही मिसळलेली असते, म्हणून पहाटे पाचची खरी स्थिती त्यातून कळत नाही. त्याऐवजी जवळच्या केंद्राचे पीएम २.५ चे त्या तासाचे मोजमाप पाहावे. त्या आठवड्यात मी ते रोज वहीत टिपत होतो. पहाटे पाचला १४०, आठलाही १२० च्या आसपास, आणि दुपारी दोनला ४५.

याचे कारण आपल्या किनाऱ्यावरील कोणताही कोळी सांगेल. रात्री आणि पहाटे मतलई वारे जमिनीकडून समुद्राकडे मंदपणे वाहतात, थंड हवा जमिनीलगत साचते आणि धूर तिच्यातच अडकून राहतो. ऊन तापल्यावर खारे वारे सुटतात आणि हवा मोकळी होते. म्हणून आमच्या गटाने ती २८ किलोमीटरची धाव शनिवार आणि रविवार अशा दोन सायंकाळी १२ आणि १६ अशी विभागली आणि सूर्यास्ताच्या आत संपवली. सलग २८ चा सराव त्यातून पूर्ण मिळत नाही, हे मी मान्य करतो.

तासाचे मोजमाप ६० च्या आत असेल तर आम्ही ठरलेले अंतर धावतो, ९० पर्यंत निम्मे आणि संथ, १२० पर्यंत फार तर अर्धा तास, आणि त्यापुढे बाहेर पडत नाही. हे आमच्या गटाचे अनुभवाचे आकडे आहेत, वैद्यकीय मर्यादा नव्हेत.

अलिबाग
आम्ही पुळणीवर धावतो आणि समुद्राची हवा शुद्धच असते, त्यामुळे हा प्रश्न आम्हाला पडत नाही. शहरातील मंडळींनी सरळ किनारा गाठावा.

खारघर
आपल्याकडे वाहने कमी, म्हणून हवा बरी, हे खरे आहे. मात्र पहाटे किनाऱ्यावरही वारा जमिनीकडूनच येतो. मुंबईच्या समुद्रकाठच्या रस्त्यावरही पौषातील पहाटे क्षितिज दिसत नाही, ते यामुळेच.

ठाणे
मी अशा दिवशी व्यायामशाळेतील ट्रेडमिलवर जात असे. पुढे हवा मोजणारे लहान यंत्र घेतले, तेव्हा बाहेर ११० आणि आत ९५ असे आकडे आले. खिडक्या रस्त्याकडे उघडणाऱ्या होत्या, आणि भिंतीवरचा एसी आतलीच हवा फिरवतो, सूक्ष्म कण फारसे गाळत नाही. आता घरच्या खोलीत दारे-खिडक्या लावून हेपा गाळणीचे यंत्र तासभर आधी सुरू करते. आकडा ३० च्या खाली आल्यावरच धावते.

चिपळूण
आमच्याकडे महामार्गाच्या कामाची लाल धूळ आहे. ओला रुमाल बांधून धावतो आणि तो लाल होतो, म्हणजे उपयोग होत असावा. अ‍ॅपवर पाहण्याची गरज काय?

खारघर
रुमालावर दिसते ती जाड धूळ. धुरातील सूक्ष्म कण त्यातून आरपार जातात आणि ते डोळ्यांना दिसतही नाहीत. आपल्या बाबतीत महामार्ग सोडून गावातल्या आतल्या रस्त्याने धावणे अधिक उपयोगी ठरेल.

पनवेल
मला दमा आहे, म्हणून गटाचे आकडे मला लागू पडत नाहीत. मी उठल्यावर पीक फ्लो मीटरमध्ये फुंकते. माझा सर्वोत्तम आकडा ४०० आहे आणि तो ३२० च्या खाली असेल तर हवा कशीही असो, धावत नाही. मागे ७० मोजमाप असतानाही छाती आवळली होती, तेव्हा मी तिसऱ्या किलोमीटरला थांबले आणि चालत परतले.

वाशी (धागाकर्ती)
दोन सायंकाळची विभागणी या वर्षी करून पाहीन. मंगळवारच्या वेगाच्या सरावाचे मात्र काय करावे? कामावरून परतेपर्यंत अंधार होतो आणि वारा पडलेला असतो.

खारघर
वेगात धावताना तोंडाने श्वास घेतला जातो आणि नाकाची गाळणी टळते, म्हणून तो सराव मी ६० च्या पुढेच आत नेतो.

ठाणे
मला हे पटत नाही. वेगाचा सराव वीस मिनिटांत संपतो, तर संथ धाव तासभर चालते. एकूण आत गेलेली हवा मोजली तर संथ धावच अधिक घातक ठरू शकेल.