अनुभव धागा: तीन-चार उत्पादनांच्या छोट्या उद्योगाचा ब्रेक-इव्हन तक्ता तुम्ही कसा मांडता?

कृष्णाकाठ

कोल्हापूरजवळ आमचा मसाल्यांचा छोटा उद्योग आहे. गोडा मसाला, कांदा-लसूण मसाला आणि मेतकूट ही तीनच उत्पादने असून तिन्हींची पाकिटे २०० ग्रॅमची आहेत. खेळत्या भांडवलाच्या कर्जासाठी बँकेने ब्रेक-इव्हनचा तक्ता मागितला, तेव्हा एका साधारण महिन्याचे आकडे मी पुढीलप्रमाणे मांडले. भाव दुकानदाराला पडणारा, कर वगळून आहे. बदलत्या खर्चात कच्चा माल, पाकीट, गॅस आणि वाहतूक धरली आहे.

| उत्पादन | भाव (रु.) | बदलता खर्च (रु.) | नगामागे काँट्रिब्युशन (रु.) | पाकिटे | एकूण काँट्रिब्युशन (रु.) |
|---|---|---|---|---|---|
| गोडा मसाला | १२० | ७२ | ४८ | ५०० | २४,००० |
| कांदा-लसूण | ९० | ६० | ३० | ७०० | २१,००० |
| मेतकूट | ५० | ४० | १० | ४०० | ४,००० |
| एकूण | | | | १,६०० | ४९,००० |

स्थिर खर्च असा आहे: गाळ्याचे भाडे १२,०००, दोन कामगार बायकांचा पगार १८,०००, वीज आणि फोनचा ठरलेला भाग २,७५०, पल्व्हरायझर व सीलिंग यंत्राचा घसारा २,००० आणि कर्जाचे व्याज २,०००, म्हणजे एकूण ३६,७५०. विक्री १,४३,००० रुपयांची होते आणि नफा १२,२५० रुपये राहतो. ब्रेक-इव्हन विक्री १,०७,२५० रुपये निघते, म्हणजे मार्जिन ऑफ सेफ्टी बरोबर २५ टक्के.

तक्ता बँकेला दिला, पण त्यावर स्वतःचे निर्णय घ्यावेत इतका भरवसा मला अजून वाटत नाही. आपापल्या धंद्यात तुम्ही हे कसे करता आणि तक्ता कुठे फसवतो, ते सविस्तर लिहावे, ही विनंती.

एकमार्गी

माझे स्टीलच्या भांड्यांचे छोटे दुकान आहे. मी स्थिर खर्च मालाच्या प्रकारांवर सारखा वाटून टाकतो, म्हणजे कोण पोसतो आणि कोण पोसला जातो, ते लगेच कळते. तुमचा स्थिर खर्च तिघांत वाटला, तर प्रत्येकाच्या वाट्याला १२,२५० येतात. मेतकूट जेमतेम ४,००० आणते, म्हणजे दरमहा ८,२५० रुपयांचा तोटा करते. मी तुमच्या जागी असतो, तर मेतकूट याच महिन्यात बंद केले असते.

लेखापाल_निवृत्त

सारखी वाटणी दिसायला न्याय्य आहे, पण मेतकूट बंद केल्यावर प्रत्यक्षात काय घडेल, ते पाहावे. गाळ्याचे भाडे एक रुपयानेही कमी होणार नाही, दोघींचा पगार तोच राहील आणि पल्व्हरायझरचा घसाराही थांबणार नाही. जातील ते मेतकुटाचे ४,००० रुपये, त्यामुळे नफा १२,२५० वरून ८,२५० वर येईल. ज्या उत्पादनाला तोट्याचे म्हणून काढले, तेच गेल्यावर नफा घटला, असे झाले की वाटणीतच खोट आहे, हे ओळखावे. तीन उत्पादनांचा स्थिर खर्च एकच असेल, तर तो एकत्रच ठेवावा. एखादा खर्च केवळ एकाच उत्पादनासाठी होत असेल, उदाहरणार्थ फक्त मेतकुटासाठी ठेवलेला माणूस, तर तेवढाच त्या उत्पादनाच्या नावावर टाकावा.

मी एका कारखान्याच्या लेखा विभागात नोकरी केली. तेथे अशाच वाटणीवरून एक उत्पादन बंद झाले आणि त्याच्या वाट्याचा स्थिर खर्च उरलेल्यांच्या डोक्यावर बसला. पुढच्या तक्त्यात त्यांतले आणखी एक तोट्यात दिसू लागले.

सरळहिशेब

इतके खोलात जाण्याची गरज नाही, असे मला वाटते. एकूण काँट्रिब्युशन ४९,००० भागिले १,६०० पाकिटे, म्हणजे पाकिटामागे सरासरी ३० रुपये ६२ पैसे. स्थिर खर्चाला त्याने भागले की १,२०० पाकिटे येतात. भिंतीवर १,२०० हा आकडा लिहून ठेवावा. महिन्यात तेवढी पाकिटे गेली की घर सुरक्षित. माझ्या साबणाच्या धंद्यात मी हेच करतो.

लेखापाल_निवृत्त

आपला भागाकार बरोबर आहे, मात्र तो एका अटीवर उभा आहे. ही १,२०० पाकिटे म्हणजे ३७५ गोड्या मसाल्याची, ५२५ कांदा-लसणाची आणि ३०० मेतकुटाची. तेच प्रमाण राहिले, तरच हा आकडा खरा. १,२०० पाकिटे निव्वळ मेतकुटाची गेली, तर हाती १२,००० येतील आणि स्थिर खर्चाचा एक तृतीयांशही निघणार नाही. आपल्या साबणांच्या वड्यांमध्ये नगामागचे काँट्रिब्युशन जवळपास सारखे असेल, म्हणून तेथे हा आकडा चालत असावा.

रुपयांतली विक्री पाहिली तरीही हाच प्रश्न राहतो आणि तेथे तो अधिक लपून बसतो. समजा, पावसाळ्यात मऊ भात-मेतकुटाची मागणी वाढली आणि गोड्या मसाल्याची घटली. गोड्याची २५० पाकिटे, कांदा-लसणाची ७००च आणि मेतकुटाची १,००० पाकिटे गेली, तर विक्री ३०,००० अधिक ६३,००० अधिक ५०,०००, म्हणजे पुन्हा १,४३,००० रुपयेच भरते. पाकिटे तर १,६०० वरून १,९५० झाली, म्हणजे गाळ्यात धावपळ वाढलेली. काँट्रिब्युशन मात्र १२,०००, २१,००० आणि १०,००० मिळून ४३,०००च होते. नफा ६,२५० उरतो, ब्रेक-इव्हन सुमारे १,२२,२०० रुपयांवर चढते आणि मार्जिन ऑफ सेफ्टी २५ वरून साडेचौदा टक्क्यांवर येते. विक्रीची वही पाहणाऱ्याला महिना चांगला गेला, असेच वाटेल.

म्हणून तक्त्यात प्रमाण गोठवू नये, प्रत्यक्ष खपावरून ते दर महिन्याला नव्याने येऊ द्यावे. संगणकावर मांडणी करत असाल आणि नगामागचे काँट्रिब्युशन `D2:D4` मध्ये, पाकिटे `E2:E4` मध्ये व स्थिर खर्च `B8` मध्ये असेल, तर मार्जिन ऑफ सेफ्टी एका ओळीत निघते:

```
=1-B8/SUMPRODUCT(D2:D4,E2:E4)
```

दीर्घपल्ला

माझा अनुभव असा, की मार्जिन ऑफ सेफ्टी ३० टक्क्यांपेक्षा कमी असेल, तर मी त्या वाटेला जात नाही. कंपनीचे अंतर्गत मूल्य काढून बाजारभाव त्याच्या खूप खाली आल्यावरच मी खरेदी करतो.

कृष्णाकाठ

दीर्घपल्ला, आपण शेअरबाजारातील मार्जिन ऑफ सेफ्टीविषयी लिहीत आहात. येथे विक्री किती घटली तरी तोटा होणार नाही, एवढाच प्रश्न आहे.

लेखापालकाका, पावसाळ्याविषयी तुम्ही लिहिलेले आमच्याकडे बरेचसे तसेच घडते. फक्त गोडा मसाला इतका खाली जात नाही, कारण श्रावणात त्याला मागणी असते.

उन्हाळवाळवण

आमचा सोलापूरकडे पापडांचा बचत गट आहे. आमच्याकडे पगार नाही, लाटण्याची मजुरी किलोमागे दिली जाते. त्यामुळे मजुरी बदलत्या खर्चात जाते आणि स्थिर खर्च महिन्याला ६,०००च राहतो. किलोमागे ४० रुपये सुटतात आणि महिन्याला २५० किलो पापड जातात, म्हणजे १५० किलोंवर ब्रेक-इव्हन आणि मार्जिन ऑफ सेफ्टी ४० टक्के. कागदावर आम्ही कृष्णाकाठताईंपेक्षा किती तरी सुरक्षित आहोत, पण गटाकडे उरतात ४,००० रुपये. उलट, त्यांच्याकडे आणखी १०० पाकिटे गोडा मसाला गेला, तर बदलता खर्च भागवून ४,८०० रुपये पूर्णपणे त्यांच्याच. आमची विक्री वाढली की मजुरीही वाढते. पावसाळ्यात काम बंद असते, तेव्हा मात्र आमच्या डोक्यावर पगाराचे ओझे नसते, हे खरे.

पुण्याची_फराळवाली

मला एकच गोष्ट सांगायची आहे. तक्त्यात दुकानात ठेवलेली पाकिटे धरली आहेत की खपलेली? मी विकेल तसे पैसे या बोलीवर माल ठेवते आणि मुदत जवळ आलेला माल दुकानदार परत करतात. कांदा-लसणाच्या ७०० पाकिटांपैकी ६० परत आली आणि पुन्हा विकण्याजोगी नसली, तर गेलेले केवळ ६० गुणिले ३० नसतात. मिरची, तेल, पाकीट, गॅस, सगळा खर्च होऊन बसलेला असतो, म्हणून पाकिटामागे पूर्ण ९० रुपये, म्हणजे ५,४०० रुपये जातात. १२,२५० चा नफा तेवढ्यानेच ६,८५० वर येतो. माझ्या तक्त्यात आता परत आलेल्या मालाचा वेगळा रकाना आहे आणि त्यात भाव नव्हे, तर झालेला बदलता खर्च लिहिते. विक्रीच्या रकान्यातून ती पाकिटे आधीच वजा केलेली असतात.

कृष्णाकाठ

तक्त्यातील पाकिटे खपलेली आहेत, पण परत आलेल्या मालाचा खर्च कोठेच धरलेला नाही. तो रकाना घालते.

सरळहिशेब

प्रमाणाचा मुद्दा पटला. तरीही बायको म्हणते तो प्रश्न विचारतो: या स्थिर खर्चात ताईंचा स्वतःचा पगार कोठे आहे? दिवसभर गाळ्यात उभ्या राहणाऱ्या मालकिणीला महिन्याला १०,००० रुपये लावले, तर स्थिर खर्च ४६,७५० होतो, नफा २,२५० उरतो आणि मार्जिन ऑफ सेफ्टी पाच टक्क्यांच्याही खाली जाते.

एकमार्गी

मालकाचा नफा हाच मालकाचा पगार. दोन्ही धरले, तर एकच गोष्ट दोनदा मोजली जाते.

लेखापाल_निवृत्त

दोनदा मोजली जात नाही, कारण पगार धरल्यावर नफा तेवढाच कमी होतो. बँकेला हवी असते हप्ता फेडण्याची ताकद, म्हणून तेथे मालकाचा घरखर्च कसा दाखवायचा, हे तिच्या पद्धतीवर ठरते. तसेच मुद्दलाचा हप्ता हा खर्च नव्हे, म्हणून तो या तक्त्यात नाही, पण पैसे मात्र दरमहा बाहेर जातात. मी असतो, तर दोन तक्ते ठेवले असते: एक नफ्याचा आणि दुसरा रोख रकमेचा, ज्यात घसाऱ्याऐवजी मुद्दल आणि मालकाची उचल येते.

ताई, मेतकुटाचा निर्णय करण्यापूर्वी भाजणीच्या कढईचे तासही पाहावेत. तिन्ही उत्पादने एकाच कढईत भाजली जात असतील आणि कढई पूर्ण भरलेली असेल, तर नगामागच्या काँट्रिब्युशनपेक्षा कढईच्या तासामागचे काँट्रिब्युशन महत्त्वाचे ठरते.

कृष्णाकाठ

कढई एकच आहे. महिन्याला गोड्या मसाल्याला साधारण ४० तास, कांदा-लसणाला ४२ आणि मेतकुटाच्या डाळी, गहू व तांदूळ मंद आचेवर भाजायला २० तास लागतात. म्हणजे तासामागे गोडा ६००, कांदा-लसूण ५०० आणि मेतकूट २००. मार्च ते मे या काळात लोक वर्षाचा मसाला भरतात, तेव्हा कढई रिकामी नसते आणि मेतकुटाला दिलेला प्रत्येक तास कांदा-लसणाच्या तुलनेत ३०० रुपये घालवतो. इतर महिन्यांत कढई अर्धा दिवस थंड असते, तेव्हा मेतकुटाचे २०० रुपये हे फुकटात मिळालेलेच आहेत.

त्यामुळे उन्हाळ्याचे तीन महिने मेतकूट थांबवावे, असे तक्ता सांगतो. पण आमच्या मोठ्या दुकानदारांपैकी दोघे तिन्ही वस्तू एकत्र मागवतात, आणि मेतकूट नसेल तर गोडा मसाल्याची जागाही दुसऱ्याला देतात की नाही, ते मला ठाऊक नाही. त्यांच्यापुरते मेतकूट फेब्रुवारीत जास्त भाजून ठेवावे, असा विचार आहे, पण भाजलेल्या पिठाचा वास तीन महिने टिकतो का? कोणी ठेवून पाहिले असेल, तर लिहावे.

उन्हाळवाळवण

डाळीच्या पिठाला दोन महिन्यांनंतर आमच्याकडे खवट वास आला होता, पण ती पाकिटे साध्या प्लास्टिकची होती. तुमच्या पाकिटाला आतून चांदीचा थर असेल, तर कदाचित टिकेल. आधी दहा-बारा पाकिटे ठेवून पाहावीत.