मदत हवी आहे: पिग्मी कलेक्शन ॲपचं सादरीकरण, मॅनेजरांना सुरक्षा कशी पटवावी?

तापीकाठ:
राम राम मंडळी. पिग्मी कलेक्शन ॲपचं सादरीकरण तयार करतोय. मंगळवारी एका नागरी सहकारी बँकेच्या शाखाधिकाऱ्यांपुढे मांडायचं आहे. 9 शाखा, 40 एजंट, चोपडा-यावल पट्टा, सातपुड्याकडच्या गावांत रेंज येते-जाते. पहिल्या स्लाइडवर सध्या एवढंच आहे: "256 बिट एन्क्रिप्शन, पूर्ण सुरक्षित, सभासदांचा विश्वास". यावर मॅनेजर काय विचारतील?

हिशेबनीस:
ती स्लाइड काढा. मॅनेजरला धास्ती असते ती एजंटाने घेतलेली रोकड आणि शाखेत भरलेली रोकड यांत फरक पडण्याची. त्यांना 200 रुपयांची एक पावती दुकानापासून लेजरपर्यंत चालवून दाखवा.

समजा एजंटाने दिवसभरात 200 च्या 84 पावत्या केल्या, म्हणजे 16,800. रेंज नसल्याने शेवटच्या 5 फोनमध्येच अडकल्या. शाखेच्या स्क्रीनवर 79 पावत्या, 15,800. कॅशियर तेवढेच घेतो आणि हजार रुपये खिशात राहतात. आता गंमत बघा: पावती क्रमांकात खंड दिसतच नाही, कारण राहिलेल्या पावत्या शेवटच्या आहेत. रात्री ॲप काढून पुन्हा टाकलं आणि क्रमांक 80 पासून सुरू झाला, तर त्या पाच पावत्या कधी झाल्याच नाहीत असं दिसेल.

शिरपूरकर:
एवढं कशाला? प्रत्येक पावतीला खातेदाराचा ओटीपी घ्या, विषय संपला.

हिशेबनीस:
खातेदार हजर होता एवढं ओटीपीने कळतं, हे खरं. पण जिथे रेंज नाही तिथे ओटीपी येणार कुठून? शिवाय एकीकडे बँक फलक लावते की ओटीपी कोणालाही सांगू नका, आणि तिचाच माणूस रोज दुकानात येऊन ओटीपी मागतो. उद्या भामटा फोन करेल तेव्हा खातेदार सवयीने सांगून मोकळा होईल.

त्यापेक्षा हे दाखवा. शाखेत दिवस बंद करताना फोनमधल्या प्रलंबित पावत्या शून्य झाल्याशिवाय भरणा स्वीकारलाच जात नाही. शाखेत वायफाय असतं, पाच पावत्या तिथे चढतात. दिवस बंद झाला नसेल तर सकाळी ॲप उघडत नाही. ॲप पुन्हा टाकलं की शाखेची मंजुरी लागते आणि पावतीला नवी मालिका मिळते, त्यामुळे जुना 80 आणि नवा 80 वेगळे ओळखू येतात. ऑफलाइन रकमेला मर्यादा हवी. ती किती, हे बँकेने ठरवायचं.

भरीत-भाकरी:
आमच्या आईच्या पिग्मी पुस्तकात तीन महिने सह्या आहेत, शाखेत रक्कम कमी. एजंट म्हणतो सर्व्हर बंद होता. ती रोज विचारते, "मना पैसा कोठे शे?" ॲपवाल्यांकडे तक्रार कुठे करायची?

दाणाबाजार_क्लार्क:
दादा, ॲपवाल्यांकडे नाही. पुस्तक घेऊन शाखेत जा, खात्याचा उतारा मागा, फरकाच्या तारखा लिहून अर्ज द्या आणि पोच घ्या. मूळ पुस्तक हातचं सोडू नका, झेरॉक्स द्या. आणि खात्याला कोणाचा मोबाईल नंबर लावलाय तेही बघा.

तापीकाठ, नेमकं हेच तुमच्या सादरीकरणात हवं. खातं उघडताना फॉर्म एजंटच भरतो. तो स्वतःचा किंवा घरच्यांचा नंबर टाकतो, मग एसएमएस त्यालाच जातात आणि खातेदार निर्धास्त. एकच नंबर किती खात्यांना लागलाय याची यादी काढून देता येते, हे सांगा. नंबर बदल फक्त शाखेत, एकाने भरायचा आणि दुसऱ्याने मंजूर करायचा. एसएमएस डीएलटीवर बँकेच्या नावाने नोंदलेल्या हेडरवरूनच जावा. तुमच्या कंपनीच्या नावाने आला तर दुकानदार ओळखणार नाही.

तापीकाठ:
एसएमएस मराठीत ठेवला तर खर्च वाढतो का?

दाणाबाजार_क्लार्क:
इंग्रजी एका एसएमएसमध्ये 160 अक्षरं बसतात, देवनागरी 70. त्यात काना-मात्राही मोजल्या जातात. म्हणून नमस्कार-चमत्कार नकोत. "खाते ..4417: 200 रु. मिळाले. पावती 84." एवढं एका एसएमएसमध्ये बसतं. पावती छापत असाल तरी एसएमएस हवाच, थर्मल कागद गल्ल्यात पडून पुसट होतो.

हिशेबनीस:
"मिळाले" लिहिलंत ते बरोबर. "जमा" म्हणायचं तर रोकड शाखेत पोचलेली हवी.

दाणाबाजार_क्लार्क:
आमच्याकडे यावरूनच वाद आहे. साहेब म्हणतात, एजंटाने घेतले म्हणजे बँकेने घेतले, "जमा"च लिहा. खातेदाराच्या बाजूने तेही खरं.

शिरपूरकर:
बरं, क्यूआर दिला तर रोकडच नको ना?

हिशेबनीस:
क्यूआर बँकेच्या खात्याचा असला तर उत्तम. पिन टाकण्याआधी स्क्रीनवर बँकेचं नाव दिसलं पाहिजे, एजंटाचं दिसलं तर थांबायचं. पण भाजीवाल्या मावशी गल्ल्यातली रोकडच देणार.

यावल_पतसंस्था:
आम्ही पतसंस्था आहोत. "5 लाखांपर्यंत विमा" ही ओळ त्या स्लाइडवर चालेल का?

हिशेबनीस:
अजिबात नाही. तो ठेव विमा बँकांना, पतसंस्थांना लागू नाही. आणि बँकेपुढेही तो तुमच्या ॲपचा गुण म्हणून मांडू नका, मॅनेजर तिथेच पकडेल.

तापीकाठ:
84 पावत्यांचंच उदाहरण पहिल्या स्लाइडवर घेतोय. एजंटाचा फोन दुपारीच हरवला आणि 30 पावत्या न चढवलेल्या असल्या, तर त्या रकमेची जबाबदारी करारात कोणावर लिहायची?