मदत हवी आहे: तानपुरा ॲपवर काळी ४ लावली, तरी क्लासमध्ये सूर जुळत नाही

मुग्धा_क:
नमस्कार. शास्त्रीय गायन शिकते आहे, पट्टी काळी ४. क्लास आठवड्यातून एकदाच असतो, बाकीचे दिवस घरी फोनवरच्या तानपुरा ॲपवर रियाज. ॲपमध्ये `G#` निवडलंय, पहिली तार पंचम, बारीक जुळवणीची पट्टी शून्यावर. अडचणी दोन आहेत.

एक म्हणजे, क्लासमध्ये गुरुजींनी पेटीवर सा दिला की माझा सा सुरुवातीला किंचित खाली लागतो. पाचेक मिनिटांनी बसतो.

दुसरी अडचण भूपातल्या गंधाराची. घरी तानपुऱ्यावर गंधार लावून तो दुसऱ्या फोनवरच्या ट्यूनरवर पाहिला, तर काटा `C` च्या डावीकडे १३-१५ सेंट दिसतो. म्हणून गेले दोन महिने मी गंधार थोडा वर नेऊन काटा मधोमध आणायची सवय केली. आता गुरुजी म्हणतात, गंधार चढा लागतोय. ॲप चुकतंय, ट्यूनर चुकतोय की मी?

स्वरछंद:
ताई, `G#` आणि ४४० ही प्रमाण पट्टी आहे, त्यामुळे ॲप बरोबरच असणार. क्लासची पेटी चढलेली दिसते. घरचा सा बदलू नका, पेटी दुरुस्त करून घ्यायला सांगा. गंधाराचं म्हणाल तर काटा मधोमध आणि हिरवा यायलाच पाहिजे. सातही स्वर रोज एकदा ट्यूनरसमोर लावून पाहत जा. आणि ॲपचा आवाज आपल्या गळ्यापेक्षा कमी ठेवा. मोठ्या आवाजात आपला सूर आपल्यालाच ऐकू येत नाही आणि सगळंच जुळल्यासारखं वाटतं.

जोडतार:
आवाजाबद्दलचं स्वरछंद यांचं म्हणणं शंभर टक्के खरं. सातही स्वर काट्यावर लावायचा सल्ला मात्र कृपया पाळू नका, मुग्धाताईंचा गंधार त्यानेच चढलाय. त्याकडे नंतर येतो, आधी सा.

काळी ४ हे पेटीवरच्या पट्टीचं नाव आहे. ती पट्टी नेमकी किती उंच वाजते हे त्या पेटीच्या स्वरपट्ट्या घासणाऱ्या कारागिरावर असतं. `A4 = 440` धरून लावलेल्या पेट्या असतात, तशा थोड्या वर लावलेल्याही असतात, आणि वर्षांनुवर्षं वाजलेल्या पेटीत एकेक सूर सरकतो. त्यामुळे "ॲप बरोबर, पेटी चूक" या वादात अर्थ नाही. क्लासमध्ये ज्या सा वर गायचंय तो सा घरी आणायचा, एवढंच काम आहे.

पुढच्या क्लासला गुरुजींच्या परवानगीने दोन मिनिटं मागून घ्या. तानपुरा बंद, पंखा बंद. पेटीचा एकच सूर उघडा ठेवायला सांगा, कारण खर्ज आणि नर दोन्ही खुंट्या ओढलेल्या असतील आणि ते दोन एकमेकांशी तंतोतंत जुळत नसतील, तर काटा हलत राहतो. भाता हलक्या, एकसारख्या दाबाने. जोरात हवा दिली की सूर किंचित उतरतो आणि मोजमाप फसतं. ट्यूनर `A4 = 440` वर ठेवून काळी ४ तीन वेळा वाजवा आणि काटा स्थिर झाल्यावरचा आकडा लिहून घ्या. पडद्यावर `G#` ऐवजी `A♭` आलं तरी पट्टी तीच. फक्त सा मोजा, इतर सूर नको.

अंगणवेल:
माझाही हाच प्रश्न आहे! घरी आजीचा चार तारांचा तानपुरा आहे, नवीन तारा चढवल्यात. ट्यूनरवर खर्जाची तार लावायला गेले की पडद्यावर कधी सा येतो, कधी पंचम, कधी गंधार. कुठल्या कंपनीचा ट्यूनर घ्यावा?

जोडतार:
अंगणवेल, त्यांचा प्रश्न ॲपचा आहे, तुमचा खऱ्या तानपुऱ्याचा. पण ट्यूनर बदलून उपयोग नाही. जवारी चांगली असली की तारेच्या मूळ सुरापेक्षा वरचे स्वर जास्त घुमतात आणि ट्यूनर त्यातला एखादा पकडतो. जवारीखालचा दोरा तात्पुरता सरकवून तार साधी वाजू द्या, बोट हळू लावा, आणि छेडल्यानंतर सेकंदभर थांबून आकडा वाचा. छेडल्याक्षणी सूर थोडा वर असतो, मग बसतो. एक जोडाची तार ट्यूनरवर लावली की ट्यूनर बाजूला ठेवा. दुसरी जोड पहिलीशी कानाने जुळवा. खुंटी जवळपास आणेपर्यंतच, शेवटचं काम मण्याने. नव्या तारा पहिले काही दिवस उतरत राहतात, त्यात तुमची चूक नाही.

मुग्धा_क:
क्लासमध्ये मोजलं. तीन वेळा +१२, +११, +१३ आलं. म्हणजे पेटी खरंच वर आहे. आता ॲपमध्ये काय करू?

जोडतार:
छान मोजलंत. सरासरी +१२ सेंट. ॲपमध्ये `G#` तसंच ठेवून बारीक जुळवणी +१२ करा.

बरोबर झालं का हे कानाने तपासता येतं. क्लासमध्ये पेटीचा सा धरून ठेवा आणि शेजारी ॲपच्या जोडाच्या तारा वाजू द्या. जुन्या सेटिंगला दोघांत अंदाजे दीड कंपनाचा फरक होता, म्हणजे दोन सेकंदांत आवाज तीनदा फुगतो आणि ओसरतो. पट्टी सरकवाल तसे हे हेलकावे लांबतात. अगदी जुळलं की थांबतात. हेलकावे परत जलद झाले तर पुढे गेलात, मागे या. हेलकावे ऐकायला आले की या कामापुरती ट्यूनरची गरज उरत नाही.

पहिल्या पाच मिनिटांचा तुमचा खाली लागणारा सा हाच होता. सहा दिवस गळ्याला एक सा, सातव्या दिवशी १२ सेंट वरचा.

आता गंधार. तानपुऱ्याच्या खर्जाच्या तारेतून गंधार आपोआप ऐकू येतो, तारेचा पाचवा अंश म्हणून. तो सा च्या सव्वापट आहे. तुमचा सा `G#` शून्यावर होता तेव्हा २०७.६५ कंपनं. त्याची सव्वापट २५९.५६. ट्यूनरचा `C` मात्र २६१.६३ वर आहे, कारण ट्यूनर सप्तकाचे बारा सारखे भाग करतो. या दोघांतलं अंतर १४ सेंट. म्हणजे काटा १३-१५ सेंट डावीकडे दिसत होता तेव्हा तुमचा गंधार तानपुऱ्यात मिसळला होता. काटा मधोमध आणलात आणि तो चढला. तानपुऱ्यातल्या गंधाराशी तुमचा गंधार सेकंदाला चार वेळा थरथरायला लागला, गुरुजींनी तेच ऐकलं.

एक सापळा आहे, तोही सांगतो. आता ॲप +१२ वर नेल्यावर योग्य गंधार ४४०च्या ट्यूनरवर जवळजवळ मधोमध दिसेल, -२ च्या आसपास. तो योगायोग आहे. त्यावरून "काटा मधोमध म्हणजे बरोबर" असा धडा घेऊ नका. गोंधळ टाळायचा तर ट्यूनरचंही `A4` ४४३ करा. मग सा शून्यावर येईल आणि बरोबर लागलेला गंधार -१४ दाखवेल. पंचम +२, म्हणजे तिथे काटा चालतो. ट्यूनर सा आणि पंचमापुरताच ठेवावा, असं माझं ठाम मत आहे.

स्वरछंद:
हे पटतंय, माझा वरचा सल्ला मागे घेतो. पण मग पेटीवरचा गंधारही ट्यूनरसारखाच चढा असेल ना? गुरुजी पेटीवर गंधार देतात, विद्यार्थी तोच पकडतो. मग चूक मुग्धाताईंची कशी?

जोडतार:
प्रश्न योग्य आहे. बारा सारख्या भागांवर लावलेल्या पेटीचा गंधार चढाच असतो. काही कारागीर गायकाच्या पट्टीनुसार गंधार उतरवून देतात, पण मग ती पेटी दुसऱ्या पट्टीत वाजत नाही. म्हणून घरी स्वर लावायचा रियाज फक्त तानपुऱ्यावर करा, पेटी बंद ठेवून.

परदेशी_षड्ज:
एक साधी गोष्ट कुणी बोललं नाही. फोनच्या इवल्याशा स्पीकरमधून खर्ज जवळजवळ येतच नाही. काळी ४ च्या बायकी तानपुऱ्याचा खर्ज १०४ कंपनांचा, तो तिथे दबतो. गंधार ज्या तारेतून ऐकायचा तीच तार कमी पडते. बाहेरचा स्पीकर लावा, साधारण दोन-तीन फुटांवर. इअरफोन लावायचाच असेल तर एका कानात, दुसरा कान आपल्या आवाजासाठी मोकळा. आणि ॲपमध्ये पुरुषी सप्तक निवडलं गेलं नाही ना हे पाहा, `G#` तेच दिसतं पण सगळं एक सप्तक खाली वाजतं.

मुग्धा_क:
सप्तक बरोबर आहे, पाहिलं. +१२ करून आज भूप गायले. गंधार तारेत शिरल्यासारखा वाटला, पण दोन महिन्यांची सवय आहे, दर तिसऱ्या वेळी वर जातो. ट्यूनरमध्ये बारा सारख्या भागांऐवजी नैसर्गिक स्वरांचा पर्याय आहे, मूळ स्वर `G#` ठेवता येतो. सवय मोडेपर्यंत तो वापरू का?

जोडतार:
गंधारासाठी चालेल, पण गाताना पाहू नका. तानपुरा सुरू असताना ट्यूनरचा माइक तानपुराही ऐकतो आणि काटा भरकटतो. सा वरून गंधारावर या, "आ" लावून आठ-दहा सेकंद धरा, डोळे मिटून हेलकावे ऐका. आवाज स्थिर झाला की स्वर लागला. हवं तर ते ध्वनिमुद्रित करून नंतर ऐका. तुमची सवय गंधार वर नेण्याची आहे, म्हणून वरून खाली येणं जास्त उपयोगी पडेल: पंचम धरा, पंचमावरून गंधार.

स्वरछंद:
त्याच पर्यायात भूपाचा धैवत किती दाखवतो? माझ्या ट्यूनरवर -१६ येतो.

जोडतार:
हो, तो धैवत गंधाराशी मध्यमाच्या नात्याने जुळतो. ऋषभाचा पंचम धरून लावलेला धैवत २२ सेंट वर येतो.

परदेशी_षड्ज:
भूपात वरचाच हवा.

जोडतार:
मला भूपात उतरलेलाच गोड लागतो, विशेषतः गंधारावरून धैवतावर जाताना. मुग्धाताई, यात आमचं दोघांचंही बाजूला ठेवा. गुरुजींना दोन्ही लावून दाखवा आणि ते ठेवतील तो धरा.